दोन घास, चार माणसं, पाच मिनिटं

सोलापूरच्या मिलच्या कचेरीत त्या रविवारी सकाळी टेलिफोन एक होता, त्याला ऐकायची नळकांडी दोन होती, पेन्सिली तीन, कोरे कागद अकरा, खुर्च्या चार आणि माणसं तीन. चौथी खुर्ची आबांनी पाहुण्यांसाठी मोकळी ठेवायला लावली होती.

"आबा, पाहुणे मुंबईत आहेत," एकनाथ म्हणाला. "नुसता आवाज येणार."

"आवाज येनार म्हंजे मानूसच आलं की. त्यानं काय उभ्यानं बोलायचं?"

एकनाथने चौथी खुर्ची टेलिफोनजवळ सरकवली. तो बी.एस्सी. झालेला होता. मिलच्या रंगखात्यात तो रोज तराजूवर रंग तोलायचा आणि एका गुंजेचाही फरक पडला तर पुन्हा तोलायचा. पण आबांपुढे त्याचा तराजू चालत नसे. धोंडीरामआबा तळेकर हे त्याचे थोरले चुलते. वडील लवकर गेले, तेव्हापासून आबांनीच त्याला केम गावाहून सोलापुरात आणि सोलापुरातून पुण्याला शिकायला धाडलं होतं. घरातलं कुठलंही लग्न त्यांच्या शब्दावर जमायचं आणि त्यांच्याच शब्दावर मोडायचं. मागच्या साली एकनाथच्या चुलतभावाची सोयरीक ठरत आली होती. तिकडच्या एका तरण्या माणसाने आबांना "बसा" म्हणायच्या जागी "बस की" म्हटलं. आबा बसले नाहीत. तसेच वळले आणि सहा कोस चालत घरी आले. तो चुलतभाऊ अजून बिनलग्नाचा होता.

आता पाळी एकनाथची होती. मुलीचं नाव विजयमाला. तिचं घराणं जगदाळ्यांचं, खरं मराठ्याचं, पण चार पिढ्या ग्वाल्हेरीस राहून मराठी बहुतेक विसरलेलं. एकनाथने तिचा फोटो पाहिला होता. तो किती वेळा पाहिला, याची मोजदाद त्याने जाणूनबुजून ठेवली नव्हती. तिचे वडील जोतीरामराव नातेवाइकाच्या लग्नासाठी मुंबईला आले होते आणि पुढची बोलणी करायला आज अकरा वाजता ट्रंक कॉल करणार होते. ते बोलणार हिंदीत. आबांना हिंदी येत नव्हतं, आणि टेलिफोनच्या नळकांड्याला कान लावणं त्यांना भिंतीला कान लावण्याइतकंच हलकं वाटत होतं.

नवऱ्यामुलाने होणाऱ्या सासऱ्याशी स्वतः बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून ठरलं असं, की कचेरीतला कारकून गंगाधर बोलेल, एकनाथ दुसरं नळकांडं कानाला लावून शब्द न् शब्द उतरवून घेईल आणि मग त्याचं सार मराठीत आबांना सांगेल.

"सार म्हंजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे थोडक्यात. मुद्द्याचं तेवढं."

"मुद्द्याचं मी ठरवीन. तू आकडे चुकवू नगस आन् मान चुकवू नगस."

अकराला घंटा वाजली. आबांनी फेटा सारखा केला आणि मोकळ्या खुर्चीला रामराम घातला.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. एकनाथची पेन्सिल धावत होती. आकडा आला की तो बोट वर करायचा, म्हणजे गंगाधरने तो आकडा उलट म्हणून दाखवायचा. तारेत मध्येच कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज झाला आणि एक शब्द त्यात गेला. तिथे एकनाथने अंदाजाने काही न लिहिता आडवी रेघ मारली. शेवटी एक्स्चेंजमधली बाई आबांनाही ऐकू जाईल अशी नाकातून "थ्री मिनिट्स!" म्हणाली आणि मुंबई बंद झाली.

"हं," आबा म्हणाले. "वाच सार."

एकनाथने कागदावर दोन रकाने पाडले होते. डावीकडे कामाचे आकडे, उजवीकडे बाकीचं. बाकीचं त्याला मुद्द्याचं वाटलं नाही, म्हणून त्याने डावीकडचं वाचलं. "मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या गाडीने येणार. माणसं चार. जेवण दोन घास. बैठक पाच मिनिटं. परत रात्री दीडच्या गाडीने."

आबांनी वाकून कागदाची मागची बाजू पाहिली.

"एवढंच?" ते म्हणाले. "तीन मिंटं त्यो मानूस एवढंच बोलला? रामराम न्हाय, श्यामश्याम न्हाय? पोस्टाची तार बी यापेक्षा गोड असती."

"म्हणाले की बरंच. पण ते मुद्द्याचं—"

"येनार कोन?"

एकनाथने उजवा रकाना पाहिला. जोतीरामरावांचे शब्द होते, 'यह ग़ुलाम ख़ुद हाज़िर होगा'. एकनाथ माणूस काटेकोर. त्याने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "गुलाम खुद्द हजर होईल."

आबांची मिशी हलली.

"कुणाचा गुलाम?"

"त्यांचा... म्हणजे आपला."

"आपल्याकडं कुटला आलाय गुलाम! म्हंजे त्यो नोकर धाडतोय. सोयरिकीच्या बोलनीला नोकर!" आबा उठले. "गंगाधरपंत, चला. मंगळवारी मी केमला आसंन. येऊ द्या त्या गुलामाला."

गंगाधर दाराकडे बघू लागला. एकनाथच्या डोळ्यांपुढे तो बिनलग्नाचा चुलतभाऊ उभा राहिला. रात्री जेवून झाल्यावर तो भावजयींना उष्टी काढायला मदत करतो, हेही आठवलं.

"आबा, थांबा. ते स्वतःलाच गुलाम म्हणाले!"

"स्वतःला? एवढा ग्वाल्हेरीचा मानूस?"

"तशी त्यांच्याकडे रीत आहे. आपण नाही का म्हणत, 'आमची झोपडी आहे, पायधूळ झाडा'? आणि आत नेऊन दुमजली घर दाखवतो."

आबा थबकले. केमचं त्यांचं घर दुमजली होतं आणि गेली तीस वर्षं ते त्याला झोपडीच म्हणत आले होते.

"मग तसं सांगायचं की," ते पुन्हा बसत म्हणाले. "त्यो स्वतःला हलकं म्हनला, तर सांगनाऱ्यानं त्याला वर उचलायचं. त्यो म्हनला गुलाम, तू म्हन राव. शाळंत हे शिकवत न्हाईत?"

"नाही."

"मग येवढी वरसं काय केलंस? वाच पुन्ना. समदं."

एकनाथने नवा कागद घेतला आणि सार दुसऱ्यांदा लिहिलं. या खेपेला ते असं झालं: "श्रीमंत जोतीरामराव जगदाळे यांनी आबासाहेबांच्या चरणी शंभर वेळा मुजरा सांगितला आहे. आबासाहेबांच्या दौलतखान्याची, म्हणजे आपल्या घराची खुशाली विचारली आहे—"

"दौलतखाना? हळू बोल. सावकार आईकंल."

"—आणि म्हणाले की, मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या गाडीने आपण स्वतः येऊ. बरोबर मुलीचे मामासाहेब, आजोबा नानासाहेब आणि..." एकनाथ थांबला. "इथे ऐकू आलं नाही. रेघ आहे."

"घाल की काईतरी. काकासाहेब घाल."

"ऐकलं नाही ते कसं घालू?"

आबांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. ऱ्हाऊ दे रेघ. पुडं?"

"एकूण माणसं चार. कृपा करून तसदी घेऊ नये, दोन घास खाऊ. पाच मिनिटं बसून निघू. आणि मुला-मुलीचं मन कळावं म्हणून त्यांनी दोन शब्द बोलावेत, एवढी विनंती आहे. परतीची गाडी रात्री दीडची."

आबांनी डोळे मिटून घेतले. गोड काही खाल्ल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मानूस चांगला हाय," ते म्हणाले. "आता आपल्या बाजूनं काय गेलं ते वाच."

गंगाधर अचानक पेन्सिलीला टोक करू लागला.

"आपल्या बाजूचं कशाला, आबा?"

"त्यांनी शंबर मुजरे घातले, आपून किती घातले ते कळाया नगो?"

एकनाथने वाचलं. गंगाधरचं हिंदी सोलापुरी बाजारात, टांगेवाल्यांशी भाडं ठरवताना घडलेलं होतं. कागदावर असं होतं: 'हां, बोलो, कौन है तुम?' त्याखाली: 'अच्छा, अच्छा, वो लड़कीवाले!' आणि त्याखाली: 'तुम कितना आदमी लाने वाला है? बरोब्बर बोलो.'

"मराठीत सांग."

एकनाथने घसा साफ केला. "गंगाधरपंतांनी विचारलं, की... आपण किती मंडळी आणणार."

"मान वाढवून सांगू नगस. त्याच्या बाजूचं वाढवायचं, आपल्या बाजूचं हाय तसं."

"'तू किती माणसं आणणारेस, नीट बोल.'"

आबांनी फेट्यावर हात ठेवला. "पाव्हन्याची तोंडं मोजली! गंगाधर, आरं, गुरं मोजतोस व्हय बाजारात?"

"आबासाहेब, एकनाथरावांनीच बोट वर केलं होतं, आकडा पक्का करा म्हणून," गंगाधर कळवळून म्हणाला.

"आसं विचारल्यावर कुनीबी चारच सांगंल! लाजंनं सांगंल. म्हंजे येनार चाळीस."

"चाळीस कसे होतील?" एकनाथ म्हणाला. "तीन नावं ऐकली, एक रेघ. तीन आणि एक चार. हिशोब जुळतो."

"नावं मोठ्यांची घेत्यात. मागची पोरंसोरं कोन मोजतो? मी तुझ्या आत्याच्या लगनाला 'चार मानसं घिऊन येतो' म्हनून सांगितलं, आन् सात गाड्या जुंपल्या. कुनी तक्रार केली न्हाय."

"बरं, मग दोन घास?"

"दोन घास म्हंजे पुरनपोळी."

"पाच मिनिटं?"

"सकाळी पावनेनऊला येनार, रात्री दीडला जानार. तूच सांग पाच मिंटं किती झाली."

एकनाथने मनातल्या मनात केलं. सोळा तास पंचेचाळीस मिनिटं. त्याला एकदम काहीतरी उमगलं आणि तो उत्साहाने पुढे सरकला. "आबा, मग नियम सापडला! गाडीचे आकडे बघा, पावणेनऊ, दीड. जिथे पाव, पाऊण, अर्धा आहे, तो आकडा खरा. दोन, चार, पाच, शंभर असे पुरते आकडे, ते मानाचे."

"आन् भटजीला सव्वा रुपाया देतो, त्यो?"

नियम सापडून अर्धं मिनिट झालं होतं. तेवढ्यातच तो गेला.

"सरळ फोन करून विचारू या का?" गंगाधर हळूच म्हणाला. दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पेन्सिलीकडे वळला.

"चाळीस पानं," आबांनी निकाल दिला. "आन् त्ये दोन शब्द. पोरगा-पोरगीचं."

एकनाथने पेन्सिल खाली ठेवली. मुलगी बघायला दिवाळीनंतर ग्वाल्हेरीला जायचं ठरलेलं होतं. तिथे तिच्याशी बोलायला मिळणार, तेवढाच त्याला या सगळ्या फोनचा अर्थ होता. "तो मानाचा आकडा आहे ना, आबा?" त्याने शक्य तेवढ्या सहज विचारलं.

"न्हाय. त्यो पक्का. दोन म्हंजे दोन. एक तुजा, एक तिचा. दिवाळीनंतर जाल तवा बोला, आन् गप बसा."

मंगळवारी पावणेनऊची गाडी पावणेनऊला आली. डब्यातून जोतीरामराव उतरले, झुपकेदार मिशीचे मामासाहेब उतरले, काठी टेकत एक्याऐंशी वर्षांचे नानासाहेब उतरले. नानासाहेब इतके वाळके होते, की त्यांच्यात आणि काठीत आधी कोण उतरलं ते चटकन कळलं नाही. त्यांच्यामागून, हातात फिरकीचा तांब्या घेऊन, एक मुलगी उतरली. एकनाथने तिला लगेच ओळखलं. फोटोत तांब्या नव्हता, एवढाच फरक.

रेघ भरली गेली होती.

आबांनी मुलीकडे पाहिलं, एकनाथकडे पाहिलं, मग डब्याच्या आत पाहिलं. डबा रिकामा होता.

"मागचा डबा बघ," ते पुटपुटले.

एकनाथने मागचा डबा पाहिला. त्यात कोंबड्यांची एक पाटी आणि एक झोपलेला शिपाई होता.

"चारच आहेत, आबा."

"हळू बोल," आबा म्हणाले. "पोरगी सोता आलीय. आली तर आली. पाव्हनी हाय."

एकनाथचं बिऱ्हाड नव्या पेठेत, दोन खोल्यांचं. शेजाऱ्यांचं अंगण मागून घेतलेलं होतं आणि बजाकाकूंनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, पहाटेपासून चार बायका हाताशी घेऊन पुरण शिजवलं होतं. अंगणात केळीची चाळीस पानं मांडून झाली होती. प्रत्येक पानावर डावीकडे शेंगदाण्याची चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये पोळी, तिच्यावर तूप.

जोतीरामराव दारातच उभे राहिले. त्यांनी पानांकडे पाहिलं, मग आजूबाजूला माणसं शोधली.

"और मेहमान आने वाले हैं?" त्यांनी एकनाथला विचारलं.

"आणखी पाहुणे येणार आहेत का, विचारताहेत," एकनाथने आबांना सांगितलं.

आबांची नजर चाळीस पानांवरून फिरली. अंदाज चुकला असं कबूल करायचं, तर पाहुण्यांना आपण खोटं समजलो असा त्याचा अर्थ निघत होता. तेवढ्यात त्यांना सुचलं.

"सांग त्यास्नी, आमच्यात चाल हाय. पाव्हना एक आसंल तर पानं धा मांडायची. त्यो मान हाय."

अशी चाल तळेकरांच्या साऱ्या इतिहासात नव्हती. पण एकनाथने परवाच कानाला खडा लावला होता, मान चुकवायचा नाही आणि आकडा चुकवायचा नाही. त्याने नेमकं सांगितलं, "आबासाहब फ़रमाते हैं कि हमारे यहाँ हर मेहमान के लिए दस पत्तल का रिवाज है।"

जोतीरामरावांचा रंग उतरला. त्यांनी मामासाहेबांकडे पाहिलं. मामासाहेबांनी कमरेचा पट्टा दोन भोकं सैल केला. आणि मग जोतीरामराव हात जोडून, अत्यंत अदबीने म्हणाले, "आबासाहब का हुक्म सर आँखों पर." आणि पहिल्या पानावर बसले. मुलगी काकूंबरोबर आत गेली.

पहिलं पान संपेपर्यंत सगळं ठीक होतं. ते संपल्यावर जोतीरामराव उठले आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसले. त्यांच्यामागून मामासाहेब. नानासाहेब काठी टेकत सरकले.

"ह्ये काय?" आबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"दस पत्तल," एकनाथ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला आपण काय सांगितलं होतं ते कळलं.

"मग आता?"

"आता त्यांना नको म्हणावं लागेल."

"पाव्हन्याला नगो म्हनतोस? ताटावरनं?" आबा स्वतःच एका पानावर जेवायला बसले. पाहुणा जेवत असेपर्यंत यजमानाने हात आखडायचा नाही, ही चाल मात्र तळेकरांत खरीच होती.

आणि जगदाळ्यांत, असं नंतर कळलं, यजमान जेवत असेपर्यंत पाहुण्याने हात धुवायचा नाही.

तिसऱ्या पानावर जोतीरामरावांनी एकनाथला खूण केली. "बेटा," ते धापा टाकत म्हणाले, "आबासाहब से अर्ज़ करो कि खाना लाजवाब है।"

"म्हणतात, जेवण अप्रतिम आहे."

आबांनी कपाळावरचा घाम पुसला. "तसं? मग आनखी वाढा म्हनावं. आन् एकनाथा," आवाज अगदी खाली आला, "पोट भरलं का म्हनून जरा विच्यार. न्हाय, नगो. विच्यारू नगस. तोंडं मोजल्यावानी होतंय."

"आबासाहब कहते हैं, और लीजिए।"

"बड़ी मेहरबानी," जोतीरामराव म्हणाले आणि डोळे मिटले.

चौथ्या पानावर दोन्ही बाजूंचं बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. एकनाथ मध्ये उभा होता, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सांगत. जितका तो मान राखून सांगत होता तितक्या पोळ्या वाढत होत्या. त्याला दिसत होतं की या खेळाला शेवट नाही. लग्न ठरण्याआधी चारही वडीलधारी माणसं पुरणाने आडवी होणार, आणि मग कुणी कुणाला आधी आडवं केलं यावरून सोयरीक मोडणार. मामासाहेब तर आता पोळीकडे न बघता फक्त समोरच्या भिंतीकडे बघत चावत होते. एकटे नानासाहेब पाचव्या पानावर होते आणि काकूंकडे तूप मागत होते.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून नाकातला, अगदी यंत्रासारखा एक आवाज आला.

"थ्री मिनिट्स!"

आबांनी ताडकन हात मागे घेतला. जोतीरामरावांनीही. मामासाहेबांच्या हातातली पोळी पडली. त्या आवाजापुढे मुंबई गप्प होते, तिथे माणसाचं काय? चौघंही एकाच क्षणी उठले. कोण आधी उठलं हे कुणालाही सांगता आलं नसतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी मोकळीक पसरली की काकूंना हसू आवरेना.

दारात विजयमाला उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. मुंबईत बाबा फोनवर बोलत असताना ती त्यांच्या शेजारीच उभी होती, आणि एक्स्चेंजमधल्या बाईचा आवाज तिने तेव्हाच उचलला होता.

"ही कोन बोलली?" आबांनी हात धुता धुता विचारलं.

"मुलगी," एकनाथ म्हणाला. या वाक्यात आकडा नव्हता आणि मान किती ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून त्याने जोडलं, "विजयमालाबाई."

आबांनी तोंड पुसलं. त्यांनी अंगणातल्या घोंगडीवर अंग टाकलं. जोतीरामराव त्यांच्या शेजारी कलंडले, मामासाहेब त्यांच्यापलीकडे. नानासाहेबांनी काठी उशाला घेतली. झोपता झोपता आबांनी एक डोळा उघडला.

"एकनाथा. त्ये आज उरकून घ्या. पर आईक. दोन. एक तुजा, एक तिचा."

"होय, आबा."

"मी आईकतोय," आबा म्हणाले आणि घोरू लागले.

एकनाथ पायरीवर बसला. विजयमाला उंबऱ्यावर बसली. मध्ये चार हात अंतर होतं. काकू आत भांडी आवरत होत्या आणि मुद्दाम जोराने आवरत होत्या, म्हणजे आपण ऐकत नाही हे कळावं.

एकनाथने रविवारपासून आपला एक शब्द ठरवून ठेवला होता. तो काय होता, ते आता त्याला आठवेना.

"कागज़ पे रेघ आपने खींची थी?" विजयमालाने विचारलं. तिची मराठी आजीकडून आलेली होती आणि हिंदीत अधूनमधून तरंगायची. "काकू सांगत होत्या, की माझं नाव ऐकू आलं नाही तर आपण रेघ मारलीत. काकासाहेब घालायला सांगितलं, तरी नाही घातलंत."

"ऐकू आलं नव्हतं," एकनाथ म्हणाला.

"मी काकासाहेब झाले असते."

एकनाथ हसला. मग तिने विचारलं, रंग तोलतात म्हणजे नेमकं काय करतात. त्याने सांगायला सुरुवात केली. मध्येच तिने विचारलं की निळा रंग पहिल्यांदा कपड्यावर हिरवा का दिसतो, कारण ग्वाल्हेरीच्या रंगाऱ्याकडे तिने तसं पाहिलं होतं. हा प्रश्न आजवर त्याला मिलमध्येसुद्धा कुणी विचारला नव्हता. उत्तरासाठी त्याला हवेचं काम समजावून सांगावं लागलं, त्यासाठी पायरीवर खडूने आकृती काढावी लागली, आणि ती आकृती चुकली तेव्हा ती तिने दुरुस्त केली.

आबांना जाग आली तेव्हा उन्हं अंगणाबाहेर गेली होती. ते काही वेळ पडल्या पडल्या ऐकत राहिले. मग उठून बसले. जोतीरामरावही उठले. दोघांनी पायरीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

"एकनाथा," आबांनी हाक मारली. "इकडं ये, सार सांग ह्यास्नी. म्हनावं, आमच्या घरात जेवनावरनं उठवनारं एक मानूस कमी हाय. तुमी द्याल तर उपकार व्हतील. मान राखून सांग."

एकनाथने मान राखून सांगितलं. जोतीरामरावांनी उत्तर दिलं ते फार लांब होतं, त्यात गुलाम दोनदा आला, मुजरे पाचशे झाले, आणि त्याचं सार 'हो' असं होतं. एकनाथने ते सगळं सांगितलं. एकही मुजरा गाळला नाही.

"आन् तुमचे दोन शब्द झाले का?" आबांनी विचारलं.

"झाले, आबा."

बोलायला बसले तेव्हा शेजारच्या घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आबांनी हाक मारली तेव्हा मिलचा साडेतीनचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली होती. दोन शब्द: एक तास पन्नास मिनिटं.